नसलेल्या हाताच्या कळा आणि आरसा : या चुका टाळा

सोलापुरातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात सायझिंगच्या रोलरमध्ये उजवा हात सापडला, कोपराखाली कापावा लागला, असे एक काका धरा. जखम भरून महिने झालेत, पण रात्री कण्हतात : "मूठ आवळलीय, नखं तळव्यात रुततायत, उघडतच नाही." घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका." पहिली चूक इथेच होते.

मेंदूत स्पर्श ओळखणाऱ्या पट्टीवर अख्ख्या शरीराचा नकाशा असतो. मेंदूचे शल्यविशारद पेनफिल्ड यांनी 1937 मध्ये तो मांडला. त्यात बोटं आणि ओठ यांना पाठीपेक्षा कितीतरी जास्त जागा असते, आणि हाताला लागूनच चेहरा येतो. हात गेला तरी नकाशातली त्याची जागा पुसली जात नाही. म्हणून काकांना मूठ खरोखर जाणवते.

दुसरी चूक अर्धवट वाचून होते. 'चेहऱ्याने हाताची जागा बळकावली, म्हणून दुखतं' असं बरीच वर्षं मानलं गेलं. मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी गालाला कापसाचा बोळा लावला, तर काहींना तो नसलेल्या बोटांवर जाणवला, त्यातून ही कल्पना पसरली. पण 2025 मध्ये तिघांचे मेंदू हात कापण्याआधी आणि नंतर स्कॅन करून पाहिले, तेव्हा बोटांचा नकाशा जवळपास तसाच होता. मग दुखतं का? कापलेल्या नसांची टोकं उलटसुलट संदेश पाठवत राहतात आणि शाबूत नकाशा ते हाताचेच समजतो, हे मला जास्त पटतं. पूर्ण उत्तर मात्र हेही नाही.

अशा कळांवर चांगल्या हाताचं प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दाखवणारा आरसा वापरतात. म्हणून तो लावण्याआधी स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला हात, तपासा. बोटाने हलकेच ठोकताना एकाच जागी करंट बसल्यासारखं झालं, तर तिथे नसेची गाठ असू शकते. कृत्रिम हाताचा सॉकेट, म्हणजे स्टंप बसतो तो कप, घासत असेल, तरी कळ तिथूनच येते. तेव्हा डॉक्टरांनाच दाखवा. आरशाने ते जाणार नाही.

आता आरसा. सर्वात जास्त घोळ इथेच होतो. आरसा छातीसमोर मधोमध उभा धरायचा, त्याचं तोंड चांगल्या हाताकडे, स्टंप त्याच्या मागे. चांगल्या हातातली अंगठी, घड्याळ, दोरा काढून ठेवा, नाहीतर आरशातला हात परका वाटतो. बहुतेक जण थेट पंजा उघडायला जातात, आणि काकांची कळ वाढते. आधी डाव्या हाताची मूठ आवळलेल्या मुठीसारखीच करायची, दोन्ही जुळल्यासारखे वाटेपर्यंत नुसतं बघायचं, मग एकेक बोट सावकाश सोडायचं आणि त्याच वेळी नसलेली बोटंही मनाने उघडायची. रोज पंधरा मिनिटं, चार आठवडे. घेरी आली, कळ चढली तर थांबा आणि नुसत्या हातांच्या चित्रांत डावा-उजवा ओळखण्यापासून सुरुवात करा. सगळ्यांना याचा फायदा होत नाही. चार आठवड्यांत काहीच फरक नसेल, तर आरशाचा हट्ट सोडून नसांच्या औषधांबद्दल डॉक्टरांशी बोला.