पुण्यात नवीन आलात? घरच्या प्लॅनचा हिशेब आधी मिटवा

घाटंजी-दारव्ह्याकडून पोरं पुण्यात आली, की पहिल्या महिन्यात रूमवाला म्हणतो, "आमच्या गूगलच्या फॅमिलीत ये ना, स्वस्त पडेल." ही फॅमिली म्हणजे गूगलच्या विकतच्या स्टोरेजचा प्लॅन वाटून वापरणाऱ्यांचा गट. लगेच हो म्हणू नका. गूगलच्या एका वेळी एकाच फॅमिलीत राहता येतं, आणि ती बदलायची मुभा 12 महिन्यांतून एकदाच. उद्या रूम सुटली, तर वर्षभर घरच्या प्लॅनमध्ये परतता येत नाही. घरच्यांसोबतच राहा, फक्त हिशेब नीट लावा.

त्याआधी ओटीटी आणि स्टोरेज यांची वही वेगळी करा. नेटफ्लिक्सने जुलै 2023 पासून भारतात एक खातं एकाच घरापुरतं केलं आहे. चार स्क्रीनचा प्लॅन म्हणजे त्या एका घरातल्या चार स्क्रीन. गावचा टीव्ही आणि तुमची वाकडची रूम ही त्यांच्या लेखी दोन घरं. म्हणून गावच्या टीव्हीचे पैसे गावच्या घराने भरावेत. तुम्हाला फोनवरच पाहायचं असेल तर एका फोनचा मोबाइल प्लॅन वेगळा घ्या. आईबाबांसाठी प्रेमाने भरायचे असतील तर खुशाल भरा, पण त्याला वाटणी म्हणू नका.

खरी कटकट स्टोरेजची. गूगल वनचा प्लॅन घेणारा धरून सहा जणांत चालतो, तेही सगळे एकाच देशात राहत असतील तर. प्रत्येकाचे फुकटचे 15 जीबी आधी भरतात, त्यानंतरचं सगळं सामाईक साठ्यातून जातं. कोणी किती खाल्लं हे प्लॅनवाल्याला दिसतं, फोटो दिसत नाहीत. मात्र "दादाला एवढंच" अशी मर्यादा घालायची सोय नाही. म्हणजे एका सामाईक विहिरीवर पाच मोटरी, मीटर सगळ्यांना, पण पाणी अडवणारा कॉक एकालाही नाही, असा प्रकार.

आमच्या घरचंच सांगतो. 200 जीबीचा प्लॅन, महिन्याचे 210 रुपये. स्वतःचे 15 संपल्यावर सामाईकातून मी 22 जीबी वापरतो, दर्यापूरला दिलेली ताई 16, बाबा 6. आईचं तर 15 मध्येच भागतं. आणि दादाचे एकट्याचे 118! शंकरपटाचे व्हिडिओ, गावातली लग्नं, शिवाय व्हॉट्सॲपचा बॅकअप, जो अँड्रॉइडवर आता गूगलच्याच जागेत मोजला जातो. विचारलं तर म्हणतो, "मोबाइलच भरते त मी काय करू बाप्पा?"

सारखी वाटणी केली तर ताई चिडते. दर जीबीला इतके पैसे असं केलं तर दर महिन्याला आकडेमोड करावी लागते आणि दादाला सावकार मागे लागल्यासारखं वाटतं. मला पटलेला मार्ग सोपा आहे: दादा नसता तर आम्हाला कोणता प्लॅन लागला असता? 22, 16 आणि 6 मिळून 44 जीबी, म्हणजे 100 जीबीचा 130 रुपयांवाला पुरला असता. वरचे 80 रुपये दादामुळे, ते दादाचे. उरलेले 130 आम्ही तिघं कमावणारे वाटून घेतो. आईबाबांकडून घेत नाही. मी 43, ताई 43, दादा 124. वर्षाला आमचे 516-516 आणि दादाचे 1,488. किमती बदलतात, तेव्हा आकडे तुमच्या प्लॅनचे टाका.

दादाकडून महिन्याला मागू नका. त्याच्या हातात पैसा सोयाबीन विकल्यावर येतो, तेव्हा वर्षाचं एकदम घ्या. तोवर पगारवाल्याने भरायचं, म्हणजे तुम्ही. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास one.google.com/storage उघडून सगळ्यांसमोर आकडे वाचले जातात. त्यात कोणी 15 च्या आत आला असेल तर त्याचा हिस्सा त्या वर्षी माफ.

साठा भरत आला की सूचना येतात, पण बाबा त्या उघडत नाहीत. भरला की सामाईकातून खाणाऱ्या सगळ्यांचंच अडतं: नवे फोटो चढत नाहीत, बॅकअप थांबतो, जीमेलवर मेल येणं बंद होतं. बाबांना बँकेचा मेल आला नाही, तर बँकेला फोन करण्याआधी साठा बघा. आमच्याकडे 162 भरलेत, 38 उरलेत. दादाच्या एका लग्नसराईत तेवढे सहज जातात. लग्नसराईआधीच त्याचे मोठे व्हिडिओ हार्डडिस्कवर उतरवून घ्या, आणि हार्डडिस्क लावून पाहिल्याशिवाय वरचे पुसू नका.

दादा वैतागून "काढ मले यातून" म्हणाला, तर त्याच दिवशी काढू नका. काढल्याने त्याचे व्हिडिओ लगेच जात नाहीत, पण त्याची मर्यादा पुन्हा 15 वर येते आणि नवीन काही चढत नाही. दोन वर्षं मर्यादेबाहेर राहिलं तर गूगल ते पुसू शकतं. त्याला महिनाभर द्या, उतरवून घेऊ द्या, आणि मग 100 च्या प्लॅनवर या.