कम-इंटरेस्ट, एक्स-इंटरेस्ट आणि ताळा जुळूनही राहणारी चूक

गुंतवणूक खात्याला दर्शनी मूल्य, व्याज आणि भांडवल असे तीन रकाने असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. या प्रकरणाने मला खूप छळलं, आणि त्याचं मूळ एकाच ठिकाणी होतं: मोजलेले पैसे आणि गुंतवणुकीची किंमत या दोन वेगळ्या रकमा आहेत.

कम-इंटरेस्ट म्हणजे साठलेलं व्याज धरून सांगितलेला भाव, एक्स-इंटरेस्ट म्हणजे ते सोडून सांगितलेला. ‘कम आलं की वजा, एक्स आलं की मिळवा’ असं अनेक क्लासमध्ये पाठ करून घेतात. कृपया हे पाठ करू नका. यातला दुसरा अर्धा भाग धोकादायक आहे, कारण व्याज नेमकं कशात मिळवायचं हे तो सांगतच नाही.

उदाहरण घेऊ. १२% डिबेंचर, दर्शनी मूल्य १०० रुपये, व्याज ३० जून आणि ३१ डिसेंबरला, वर्षअखेर ३१ मार्च. १ मे रोजी ५०० डिबेंचर ९८ रुपये एक्स-इंटरेस्ट भावाने घेतले. आधीचं व्याज ३१ डिसेंबरला मिळालेलं, म्हणजे जानेवारी ते एप्रिल हे चार महिन्यांचं व्याज विकणाऱ्याचं. ते काढायचं दर्शनी मूल्यावर, भावावर नाही: ५०,००० वर दरमहा ५००, चार महिन्यांचे २,०००. विकणाऱ्याला तुम्ही ४९,००० अधिक २,००० असे ५१,००० मोजता. पण भांडवलाच्या रकान्यात ४९,०००च जातात आणि २,००० व्याजाच्या रकान्यात नावे पडतात. ‘एक्स म्हणजे मिळवा’ म्हणणारे इथे भांडवलातच ५१,००० लिहून मोकळे होतात.

हाच व्यवहार १०२ रुपये कम-इंटरेस्ट भावाने झाला असता, तर भावातच व्याज आलं असतं: ५१,००० मधून २,००० वजा, भांडवल पुन्हा ४९,०००. दोन्ही नोंदी एकदा शेजारीशेजारी लिहून बघा, अगदी सारख्या निघतात. फरक फक्त भाव कसा सांगितला यात आहे.

पुढे ३० जूनला सहा महिन्यांचं ३,००० व्याज मिळतं. ते सगळंच्या सगळं जमा करा. आधी नावे टाकलेले २,००० त्याला आपोआप कापतात.

आता विक्री. १ सप्टेंबरला २०० डिबेंचर १०३ रुपये कम-इंटरेस्ट भावाने विकले. हातात आले २०,६००. त्यात जुलै-ऑगस्टचं व्याज ४०० आहे, म्हणून भांडवली रक्कम २०,२००. विकलेल्या भागाची किंमत ४९,००० चे पाचात दोन, म्हणजे १९,६००. नफा ६००.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते इथेच. कुणी ते ४०० वेगळे काढले नाहीत, तर नफा १,००० दिसतो आणि व्याज ४०० ने कमी पडतं. दोघांची बेरीज तीच राहते, खातं जुळतं, ताळेबंदही जुळतो. चूक ओरडून सांगणारं काहीच नसतं. त्यामुळे ‘बॅलन्स जुळला म्हणजे बरोबर’ या भरवशावर राहू नका.

मग ओळखायचं कसं? व्याज वेगळ्या वाटेने मोजायचं. ३१ डिसेंबरला उरलेल्या ३०० डिबेंचरवर १,८०० मिळाले आणि ३१ मार्चला तीन महिन्यांचे ९०० येणे आहेत. जमा बाजू: ३,००० अधिक ४०० अधिक १,८०० अधिक ९००, एकूण ६,१००. नावे २,०००. नफा-तोटा खात्यात जाणारं व्याज ४,१००. आता खातं बाजूला ठेवा. मे ते ऑगस्ट चार महिने ५०,००० चे डिबेंचर तुमचे होते: २,०००. सप्टेंबर ते मार्च सात महिने ३०,००० चे: २,१००. बेरीज ४,१००. विक्रीचे ४०० विसरले असते तर ३,७०० आलं असतं, आणि खरेदीचे २,००० भांडवलात घातले असते तर ६,१००. ही पडताळणी दोन ओळींची आहे, ती करायला घाबरण्यासारखं काही नाही.

खरेदीतली चूक जास्त वाईट, कारण ती पुढच्या वर्षात जाते. उरलेल्या ३०० ची खरी किंमत २९,४००. ५१,००० धरून चाललात तर ३०,६०० दिसेल आणि विक्रीवर नफ्याऐवजी २०० तोटा निघेल.

दलाली असेल तर खरेदीत भांडवलात मिळवा, विक्रीत रकमेतून वजा करा. व्याजाला तिचा स्पर्श होत नाही. वेगवेगळ्या वेळी खरेदी झाली असेल, तर लेखा मानक १३ प्रमाणे विकलेल्या भागाला सरासरी किंमत लावा. आणि प्रश्नात कम की एक्स हे सांगितलंच नसेल, तर साधारणपणे एक्स-इंटरेस्ट धरतात. ते गृहीतक उत्तराच्या वर एका ओळीत लिहून टाका.