स्लाइडवरचा तक्ता मागच्या रांगेतून वाचता येत नाही? या चुका टाळा

"तक्ता जरा बारीक दिसतोय, पण मी सांगतो." आढावा बैठकीत हे वाक्य ऐकू आलं की मी समजून जातो, एक्सेलची शीट जशीच्या तशी स्लाइडवर आली आहे. मागे एका दूध संघासाठी अशीच एक स्लाइड दुरुस्त करायला बसलो होतो. बारा शीतकरण केंद्रं आणि अकरा रकाने: अनुक्रमांक, केंद्राचं नाव, संस्थांची संख्या, मार्च ते मे दर महिन्याचं संकलन, गेल्या वर्षीचा मे, फॅट, एसएनएफ, नाकारलेलं दूध आणि शेरा. एकूण १३२ चौकटी. (पुढची नावं आणि आकडे बदललेले आहेत, घोळ मात्र खरा आहे.)

पहिली चूक तक्ता चिकटवतानाच होते. एक्सेलमधून कॉपी करून साधं पेस्ट केलं की तक्ता स्लाइडच्या खाली ओघळतो. कोपरा धरून लहान करायला गेलं तर पॉवरपॉइंट दाद देत नाही, कारण अक्षरांच्या उंचीपेक्षा ओळ लहान होतच नाही. मग माणूस वैतागून `Picture` म्हणून पेस्ट करतो. चित्र कितीही आवळता येतं. तक्ता बसतो, पण अक्षरं सात-आठ पॉइंटवर येतात आणि त्यानंतर एखादा आकडाही दुरुस्त करता येत नाही. खरं तर तक्ता लहान व्हायला नकार देतो तेव्हा पॉवरपॉइंट तुम्हाला बरोबरच सांगत असतो: इतकं इथे मावणार नाही.

मावतं किती, याचा हिशोब सोपा आहे. १६:९ ची स्लाइड ७.५ इंच उंच असते. शीर्षक आणि खालची मोकळी जागा सोडली की तक्त्याला साधारण साडेपाच इंच उरतात. १८ पॉइंटच्या अक्षराची एक ओळ, चौकटीच्या आतल्या मोकळ्या जागेसकट, ०.४ इंच खाते. म्हणजे जेमतेम तेरा ओळी, त्याही इंग्रजी अक्षरात. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरं, त्यामुळे ओळ आणखी उंच होते. मी अकराच धरतो. २४ पॉइंट हवे असतील तर आठ-नऊ.

मागच्या रांगेला दिसेल का, हे घरबसल्या तपासता येतं. शेवटची रांग पडद्यापासून ३६ फुटांवर आणि पडदा ६ फूट रुंद असेल, तर अंतर पडद्याच्या सहा पट झालं. आता लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडदाभर उघडा आणि लॅपटॉपच्या पडद्याच्या रुंदीच्या सहा पट मागे जा. १५.६ इंची लॅपटॉपला हे अंतर जवळपास सात फूट भरतं. तिथून जे वाचता येणार नाही, ते सभागृहातही येणार नाही. प्रोजेक्टर फिकट असेल तर हाल आणखी वाईट.

दुसरी चूक मला सर्वात महागाची वाटते: काय काढायचं हे ठरवण्याआधीच अक्षरं, रंग, रेघा यांच्याशी खेळत बसणं. आधी एक वाक्य लिहा. इथे ते होतं, "यंदा मे महिन्यातली घट तीन केंद्रांतच आहे." या वाक्याला जो रकाना लागत नाही तो गेला. अनुक्रमांक गेला, संस्थांची संख्या गेली, फॅट आणि एसएनएफ गेले (तो वेगळा विषय, वेगळी स्लाइड). मार्च-एप्रिलही गेले, आणि त्यावरून वाद झाला. पण उन्हाळा हा दुधाचा कृश काळ. मार्चपेक्षा मे कमी असणारच, त्यात बातमी काही नाही. तुलना गेल्या मेशीच करायला हवी.

ओळींचंही तसंच. बारा केंद्रं क्रमांकानं लावली होती, ती घटीनुसार लावली. वरची तीन ठेवली आणि बाकीची नऊ एका ओळीत मिळवली:

| केंद्र | मे २०२४ | मे २०२५ | फरक |
|---|---:|---:|---:|
| हिवरे | ६.२ | ४.९ | −१.४ |
| सावरगाव | ८.४ | ७.३ | −१.१ |
| पिंपळगाव | ५.१ | ४.६ | −०.५ |
| उरलेली ९ केंद्रं | ४६.८ | ४७.२ | +०.४ |
| एकूण | ६६.५ | ६४.० | −२.५ |

वर एकदाच "संकलन, लाख लिटर" असं लिहिलं की प्रत्येक चौकटीतलं "लि." जातं. आकडे उजवीकडे लावलेत, मधोमध नाही. मधोमध लावले की दशांशचिन्हं वरखाली सरकतात आणि डोळ्याला लहानमोठं कळत नाही.

"उरलेली ९" ही ओळ जपून वापरा. एका केंद्राची मोठी घट दुसऱ्याच्या वाढीत सहज लपते. त्या नऊपैकी प्रत्येकाचा फरक वेगळा पाहा. एखादं केंद्र तिसऱ्या क्रमांकाच्या आसपास घसरलं असेल तर त्याला स्वतंत्र ओळ द्यावीच लागेल.

आता हिवरेकडे पुन्हा बघा. ६.२ मधून ४.९ गेले तर १.३ उरायला हवेत, तक्त्यात १.४ आहे. बैठकीत हिशोबनीस नेमकं तिथेच बोट ठेवतात. मूळ आकडे ६,२४,६१० आणि ४,८५,२९० लिटर, म्हणजे खरी घट १,३९,३२० लिटर. लाखात १.४ हेच बरोबर. पूर्णांकन केलेल्या आकड्यांची वजाबाकी करू नका. मूळ आकड्यांवरून फरक काढा आणि मग पूर्णांकन करा. B रकान्यात मे २०२४ चे आणि C मध्ये मे २०२५ चे मूळ लिटर असतील तर सूत्र असं:

```
=ROUND((C2-B2)/100000,1)
```

आणि तक्त्याखाली बारीक पण वाचता येईल अशी एक ओळ टाका: "पूर्णांकनामुळे ०.१ चा फरक दिसू शकतो." फरकाच्या रकान्याची बेरीजही इथे −२.६ येते, एकूण मात्र −२.५ आहे. त्यालाही हीच ओळ लागू पडते.

रेघांबद्दल फार बोलायला नको. उभ्या सगळ्या काढा, शीर्षकाखाली एक आणि "एकूण"च्या वर एक आडवी ठेवा. रंग फक्त घटीच्या तीन आकड्यांना.

इतकं काढल्यावर हमखास प्रश्न येतो, "अहो, साहेबांनी फॅट विचारली तर?" १३२ चौकटी स्लाइडवर येतात त्या याच भीतीपोटी. पूर्ण तक्ता आडव्या ए-फोर कागदावर छापून बैठकीआधी वाटा. हातातल्या कागदावर दहा पॉइंटही चालतात. शिवाय तो तक्ता दोन-तीन लपवलेल्या स्लाइडवर विभागून शेवटी ठेवा आणि त्यांचे क्रमांक लिहून ठेवा. स्लाइड-शो चालू असताना क्रमांक टाइप करून `Enter` दाबलं की लपवलेली स्लाइडही उघडते.

शेवटची गडबड सभागृहातल्या लॅपटॉपवर होते. तुमचा मराठी फाँट तिथे नसला की पॉवरपॉइंट दुसरा लावतो, ओळी उंच होतात आणि "एकूण"ची ओळ पडद्याबाहेर जाते. विंडोजवर `File > Options > Save` मध्ये `Embed fonts in the file` ला टिक करा, आणि सोबत एक पीडीएफही ठेवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलं असेल तर नुसतं उंचीवर भागत नाही, अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. असा तक्ता युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या. पाच ओळीच तर आहेत.