स्ट्रेन गेजचा ब्रिज: किलोभर वजन आणि दीड मिलिव्होल्टही नाही

350 ओहमचा, गेज फॅक्टर 2 असलेला फॉइल गेज पोलादी पट्टीवर चिकटवला आहे असं धरा. पट्टी 25 मिमी रुंद, 3 मिमी जाड, एक टोक घट्ट आवळलेलं. गेजपासून 200 मिमीवर 1 किलो टांगलं की गेजखाली सुमारे 262 मायक्रोस्ट्रेन येतो, म्हणजे लांबी दशलक्षात 262 भागांनी बदलते. गेज फॅक्टर 2, म्हणून त्याची दुप्पट, म्हणजे 0.000523, हा रोधातला सापेक्ष बदल. ओहममध्ये जेमतेम 0.18. साधा मल्टिमीटर यावर भरवशाचं काही सांगत नाही, म्हणून ब्रिज: चार रोधांची चौकट, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना व्होल्टेज द्यायचा आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांमधला फरक मोजायचा.

चारपैकी एकच भुजा गेजची असेल आणि बदल लहान असेल, तर:

```
Vo ≈ Vex × (ΔR/R) / 4
```

Vex म्हणजे ब्रिजला दिलेला व्होल्टेज, Vo म्हणजे आउटपुट. 5 व्होल्टवर हे 0.65 मिलिव्होल्ट होतं. आता तापमान बघा. गेजला जाणाऱ्या दोन वायरींचा मिळून रोध 1 ओहम असेल आणि त्या 10 अंशांनी तापल्या, तर तांब्याचा रोध 0.039 ओहमनं वाढतो. म्हणजे वजन न टांगताच 200 ग्रॅमहून जास्त दिसणार.

यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे दुसरा, तसाच गेज पट्टीच्या खालच्या बाजूला, बरोबर पहिल्याखाली. वरचा ताणला जातो, खालचा दाबला जातो. दोघांना एकाच सिरीज जोडीत घ्या आणि मधल्या बिंदूवरून आउटपुट काढा. तापल्यावर दोघांचा रोध सारख्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे मधला व्होल्टेज हलत नाही. वाकण्याचा परिणाम मात्र दुप्पट, 1.31 मिलिव्होल्ट. वायरी दोन्ही गेजना सारख्याच लांबीच्या ठेवा.

हेच दोन गेज समोरासमोरच्या, म्हणजे तिरप्या भुजांत जोडले की सगळं उलटं होतं: वजनाचा परिणाम खोडला जातो आणि तापमानाचा दुप्पट होतो. वजन टांगूनही आकडा ढिम्म हलत नसेल, तर अँप्लिफायरला दोष देण्याआधी ही जोडणी तपासा.

दुसऱ्या जोडीसाठी दोन 1 किलोओहमचे रोधक चालतात, कारण तिथे फक्त गुणोत्तर महत्त्वाचं असतं. पण दोघांत 1% फरक असला तर साधारण 12.5 मिलिव्होल्टचा ऑफसेट येतो. ब्रिजचा आउटपुट वाढवून आकड्यात बदलणारी HX711 चिप गेन 128 वर साधारण ±20 मिलिव्होल्टच घेते. निम्म्याहून जास्त जागा तिथेच गेली. ऑफसेट निदान वजा करता येतो. तापमान-गुणांकातला फरक जास्त छळतो: तो अंशाला 50 पीपीएम असेल, तर 10 अंशांत 0.63 मिलिव्होल्ट सरकतात, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो. इथे 0.1% चे, कमी गुणांकाचे रोधक घ्या, पैसे वाचवू नका.

दोष कुठे आहे ते हेअर ड्रायरनं कळतं. वजन काढा आणि फक्त रोधकांवर गरम हवा सोडा. आकडा सरकला तर ते बदला. नाही सरकला तर पट्टी तापवा. सुरुवातीला आकडा हलेलच, कारण वरची बाजू आधी तापते. पट्टी सगळीकडे सारखी गरम झाल्यावरही तो मूळ जागी आला नाही, तर दोन्ही गेज एकाच पाकिटातले आहेत का आणि कोणाचा गोंद सुटलाय का ते बघा.