"बोलायचंय जरा" असा मेसेज आला की काय करावं

आधी उत्तर द्या, आणि उत्तरात वेळ सांगा. "हो, बोल ना, अर्धा तास मोकळी आहे" किंवा "आत्ता नाही जमणार, साडेनऊला मीच फोन करते." नुसतं "काय झालं?" विचारू नका. ज्याला मन मोकळं करायचंय त्याला ते एका ओळीत टाईप करायला लावलं की तो "काही नाही, सहज" म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो.

फोन लागला की एकदाच विचारा, "नुसतं ऐकू, की काही सुचवलेलं चालेल?"

खरी अडचण पुढे येते. समोरची व्यक्ती पाच मिनिटं भडाभडा बोलते आणि थांबते. त्या थांबण्यात मी कित्येकदा चुकले. एक मैत्रीण सांगत होती की आईच्या आजारपणाचं सगळं तिच्यावर पडलंय आणि भाऊ फक्त फोनवर चौकशी करतो. ती थांबल्याबरोबर मी म्हटलं, "मग त्याला स्पष्ट सांग ना, महिन्यातून एक आठवडा तू ये म्हणून." ती म्हणाली, "हो, बघते," आणि दोन मिनिटांत फोन ठेवला. सल्ला चुकीचा नव्हता. पण ते तिला सुचलं नसेल का? तिने भावाला तीनदा सांगून झालं होतं, हे मला महिन्याभराने कळलं.

तेव्हा ती थांबली की मनातल्या मनात पाच अंक मोजा. बहुतेक वेळा मुख्य गोष्ट त्यानंतरच बाहेर येते. नाहीच आली, तर तिचेच शब्द धरून पुढे न्या: "फक्त चौकशी करतो म्हणालीस, म्हणजे काय विचारतो?" "आमच्याकडेही अगदी असंच झालं होतं" हे वाक्य मात्र गिळा. आपुलकीनेच येतं ते, पण त्या क्षणी बोलणं तिचं न राहता तुमचं होतं. "सगळं ठीक होईल" हेही नको, कारण त्यावर तिला "हो" म्हणून गप्प बसण्यावाचून काही उरत नाही.

आपण चुकलो हे ओळखता येतं. लांब वाक्यं आखडतात. "बरोबर आहे", "बघू", "जाऊ दे" सुरू होतं. तिथेच सावरा: "थांब, मी मध्येच बोलले. तू आईच्या रात्रीच्या औषधांचं सांगत होतीस." मी हे केलंय, आणि माणसं पुन्हा बोलू लागतात.

"जगून काय करायचं" असं काही कानावर आलं तर ऐकून सोडू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. उत्तर "हो" आलं तर एकटं सोडू नका, घरच्या कुणाला आणि डॉक्टरांना लगेच सोबत घ्या.

वेळ संपत आली की दहा मिनिटं आधी सांगा. दुसऱ्या दिवशी एक ओळ पाठवा, "काल रात्री झोप लागली का?"