वेगवेगळ्या वेळांत राहणारे जोडीदार आणि मेसेजमधला सूर : या चुका टाळा

समजा, पत्नी पुण्यात राहते आणि पती कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे नोकरी करतो. सप्टेंबर महिना आहे, म्हणजे दोन्ही शहरांच्या घड्याळांत साडेबारा तासांचे अंतर आहे. रात्री 11 वाजता ती विचारते, "दिवाळीला यायचं नक्की आहे ना? आईंना सांगायचंय." तिकडे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात आणि दोन मीटिंगांच्या मधल्या फटीत तो उत्तर देतो, "बघू." ती ते 11 वाजून 10 मिनिटांनी वाचते, अर्धा तास विचार करते आणि लिहिते, "यायचंच नसेल तर तसं स्पष्ट सांग. दरवेळी आईंना उत्तरं मीच द्यायची का?" तो मीटिंग संपवून दुपारी 12 वाजता हे वाचतो आणि "आत्ता नको हे. नंतर." असे लिहून मोकळा होतो. तोवर पुण्यात मध्यरात्र उलटून गेलेली असते. सकाळी 6 वाजता डोळे उघडताच तिला पहिल्यांदा दिसते ते हे वाक्य.

वास्तविक त्याची रजा अजून मंजूर झालेली नव्हती आणि "बघू" म्हणजे "मॅनेजरचे उत्तर येऊ दे" एवढेच त्याला म्हणायचे होते. एकाच शहरात राहणाऱ्या जोडप्यात हा गैरसमज जेवणाच्या ताटावर दोन मिनिटांत मिटला असता. येथे मात्र प्रत्येक उत्तराच्या आड कुणाची तरी झोप किंवा कुणाचे तरी ऑफिस येते, आणि त्या मोकळ्या तासांत वाचणारा मनातल्या मनात पुढचे संभाषण स्वतःच पूर्ण करत राहतो.

आपल्या घड्याळाने समोरच्याचा सूर मोजणे

माझ्या मते मूळ चूक हीच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजखाली दिसणारी वेळ ही वाचणाऱ्याच्या फोनची स्थानिक वेळ असते. तो मेसेज सकाळी 10 वाजून 40 मिनिटांनी घाईत लिहिला गेला होता, हे तिच्या पडद्यावर कुठेच दिसत नाही. तिला दिसतात ते रात्रीचे 11.10, आणि रात्रीच्या निवांत वेळी जवळच्या माणसाने एका शब्दात बोळवण केली, असा अर्थ आपोआप निघतो. ऑफिसच्या घाईत लिहिलेले वाक्य अंथरुणावर पडून वाचले की ते मूळच्यापेक्षा कोरडे वाटते. म्हणून कोणताही मेसेज खटकला की पहिले काम एकच : लिहिणाऱ्याच्या शहरात तेव्हा किती वाजले होते आणि तो त्या वेळी सहसा काय करत असतो, हे आठवून मेसेज पुन्हा वाचणे. फोनच्या घड्याळात दुसऱ्या शहराची वेळ जोडून ठेवली तर हा हिशेब डोक्यात करावा लागत नाही. हाच मेसेज एखाद्या मैत्रिणीला स्क्रीनशॉट काढून पाठवण्यातही तोच धोका असतो, कारण तिला तर दुसऱ्या बाजूचा दिवस अजिबातच माहीत नसतो.

दुसऱ्या बाजूनेही काही पथ्य पाळायला हवे. आपला सूर शब्दांतून नीट पोहोचला आहे, असा लिहिणाऱ्याचा समज बहुतेक वेळा जास्तीचा असतो. 2005 साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी ई-मेलवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसले होते : उपरोध ओळखला जाईल याची लिहिणाऱ्यांना जेवढी खात्री होती, त्यापेक्षा कितीतरी कमी वेळा तो ओळखला गेला. मराठीत तर घाईमुळे सर्वांत आधी गळून पडतात ते "गं", "रे", "ना" हे छोटे शब्द, आणि वाक्यातला ओलावा बहुतांशी त्यांच्यातच असतो. "बघू गं, रजेचं उत्तर गुरुवारी येईल" हे लिहायला पाच-सहा सेकंद जास्त लागतात, पण त्यात कारणही येते आणि तारीखही येते.

झोपण्यापूर्वी लेखी निवाडा करायला बसणे

रात्री 11.40 चा तो लांब मेसेज ही दुसरी मोठी चूक. त्यात तिने प्रश्न विचारला नाही, तर स्वतःच काढलेल्या अर्थावर निकाल दिला, आणि तोही अशा वेळी की उत्तर आले तेव्हा ती झोपलेली होती. समोरचा कामात असताना किंवा आपण झोपायला निघालो असताना वाद उकलायला घेऊ नये. तो फक्त नोंदवून ठेवावा. नोंदवताना तीन गोष्टी पुरतात : कोणते वाक्य, त्यातून आपल्याला काय वाटले, आणि बोलायची नेमकी वेळ. उदाहरणार्थ : "तुझं 'बघू' वाचून मला वाटलं की तुला यायचंच नाहीये. घाईत लिहिलंस का? आत्ता उत्तर नको. माझ्या सकाळी साडेसातला, तुझ्या संध्याकाळी 7 ला फोन करते." येथे दोन्ही शहरांच्या वेळा लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण नुसते "उद्या सकाळी" म्हटले तर ते कुणाचे उद्या, हाच नवा घोळ होतो.

"आत्ता नको हे. नंतर." हे उत्तर याच कारणाने बिघडले. बोलणे पुढे ढकलण्यात गैर काहीच नव्हते. मात्र "नंतर" कधी ते न सांगितल्यामुळे ते दार लावून घेतल्यासारखे वाटले.

आपले वाक्य चुकले हे लक्षात येताच मेसेज हटवत सुटणेही टाळावे. हटवल्याची खूण मागे राहतेच, आणि सकाळी उठल्यावर ओळीने चार हटवलेले मेसेज दिसणे हे एका तिखट वाक्यापेक्षा जास्त अस्वस्थ करते. 15 मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो, पण समोरच्याने तो आधीच वाचला असेल तर खाली सरळ एक ओळ लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते : "घाईत तुटक लिहिलं, रागावलेलो नाही."

फोनवर आधी बचाव करणे

ठरलेल्या वेळी फोन लागला की ज्याचे वाक्य खटकले त्याने आधी आपल्याला काय म्हणायचे होते आणि तेव्हा काय चालले होते ते सांगावे. "तू नेहमी उलटाच अर्थ काढतेस" या वाक्याने मूळचा गैरसमज बाजूला पडून स्वभावावर वाद सुरू होतो. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हेही तितकेसे उपयोगी नाही, कारण त्यात वाईट वाटण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावरच राहते. फोन जमणारच नसेल तर मिनिटाभराचा व्हॉइस मेसेज चालतो. मात्र ऐकणाऱ्याने तो दुप्पट वेगाने ऐकू नये, त्या वेगात आवाजातला थांबा आणि हळुवारपणा दोन्ही हरवतात.

नोव्हेंबरात आणखी एक अडचण येते. त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात, भारतातली जात नाहीत, आणि अंतर साडेतेरा तासांचे होते. त्याने संध्याकाळी 7 चीच वेळ पाळली तर फोन पुण्यात साडेसातऐवजी साडेआठला येतो, नेमका ती ऑफिसला निघताना. त्या आठवड्यात "हल्ली फोनही वेळेवर करत नाहीस" असे वाटू लागले, तर आधी घड्याळ तपासावे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी हेच उलट दिशेने घडते.

सुराचाच गैरसमज होता की आणखी काही, हे आवाज ऐकल्यावर कळते. त्याने रजेची गोष्ट सांगितली आणि ती निवळली, तर प्रश्न मेसेजपुरता होता. कारण कळूनही मनातले तसेच राहिले, तर तिची तक्रार "बघू" या उत्तराबद्दल नसून आईंना एकटीने उत्तरे द्यावी लागण्याबद्दल आहे, आणि तेव्हा सुराची चर्चा थांबवून, यंदा आईंशी कोण आणि कधी बोलणार, हे त्याच फोनवर ठरवावे. समोरचा फोनवरही तसाच तोडून बोलत असेल किंवा शिक्षा म्हणून दिवसचे दिवस अबोला धरत असेल, तर तो घड्याळाचा किंवा टायपिंगचा दोष नाही, आणि वरचे उपाय तेथे लागू पडणार नाहीत.