परभाषेतल्या ॲपमधली चिन्हं ओळखताना या चुका टाळा

आमच्या अमळनेरच्या वहिनी बिबडे आणि उडदाचे पापड विकतात. पाकिटावरच्या लेबलांसाठी त्यांनी लहान ब्लूटूथ प्रिंटर घेतला, पण त्याचं ॲप सगळं चिनीत. ५० बाय ३० मिलिमीटरचं लेबल तासभर जुळवल्यावर अक्षरं ठळक करायला त्यांनी ब्रशसारख्या दिसणाऱ्या चिन्हावर बोट ठेवलं आणि लेबल कोरं झालं. लगेच फोन आला, "भाऊ, बठ्ठं गयं!"

तो ब्रश नव्हता, झाडू होता. खाली पसरलेले केस असलेला तिरका झाडू दिसला तर तो बहुधा सगळं पुसतो. कचऱ्याचा डबा मात्र सहसा निवडलेली एकच गोष्ट काढतो. ही गल्लत सर्वांत महाग पडते.

मी त्यांना म्हटलं, "वहिनी, आता कशालाच हात लावू नका, ॲप बंदही करू नका." घाबरून बाहेर पडणं ही दुसरी चूक, कारण बऱ्याच ॲपमध्ये मागे फिरायची सोय ॲपमधलं ते पान बंद होईपर्यंतच टिकते. मग वरचे बाण पाहायला सांगितले. तिथे तीन वाकडे बाण होते. डावीकडे वळलेला बाण शेवटची कृती रद्द करतो, त्याची उजवीकडे वळलेली जोडी तीच कृती परत करते. तिसरा, जवळजवळ पूर्ण गोल झालेला बाण वेगळाच: तो लेबल फिरवतो किंवा पान ताजं करतो.

तिन्हींत फरक करायचा तर रंग बघा. वहिनींच्या स्क्रीनवर डावा बाण गडद होता, उजवा फिकट. म्हणजे रद्द करण्याजोगं काही शिल्लक होतं, पुन्हा करण्याजोगं काही नव्हतं. डावा दाबला आणि लेबल जसंच्या तसं आलं. गोल बाणाचीही परीक्षा अशीच: मजकूर निवडल्यावरच तो गडद होत असेल, तर तो फिरवण्याचा.

हीच तपासणी आधी कोऱ्या लेबलवर करायला हवी होती. एक अक्षर टाका, ते निवडा, मग निवड सोडा, आणि दर वेळी कोणती चिन्हं उजळतात ते पाहा. चिन्हावर बोट दाबून धरलं तर काही अँड्रॉइड ॲपमध्ये त्याचं नाव उमटतं. ते चिनीत असलं तरी स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्समध्ये भाषांतर करता येतं. अनोळखी चिन्ह दाबल्यावर दोन बटणांची चौकट उघडली, तर 取消 म्हणजे रद्द आणि 确定 म्हणजे होय. खात्री नसेल तेव्हा 取消.

अरबी ॲपमध्ये हे अंदाज थोडे फिरतात. तिथे लिखाण उजवीकडून सुरू होतं, त्यामुळे मागच्या पानावर नेणाऱ्या बाणाचं टोक उजवीकडे असतं. वहिनींनी आता चिनी ॲपच्या झाडूचा फोटो काढून प्रिंटरच्या डब्यावर चिकटवला आहे.